एका आलेखात दोन बिघाड

माझ्या बहिणीचा लॅपटॉप पाच वर्षांचा. व्हिडिओ कॉल सुरू झाला की पंखा घोंघावायला लागायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत, काही न सांगता, स्क्रीन काळी. विंडोजच्या Event Viewer मध्ये दर वेळी Kernel-Power 41 ही नोंद होती. पण ती एवढंच सांगते की लॅपटॉप नीट बंद न होता मधेच बंद पडला. का पडला, ते सांगत नाही.

म्हणून HWiNFO हा मोफत प्रोग्रॅम टाकला आणि तापमान दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवायला लावलं. लॅपटॉप बंद पडला तरी ही फाइल मागे राहते. तिची शेवटची ओळ होती 99 अंश सेल्सिअस. तिथे 65 दिसलं असतं, तर मी आधी बॅटरी आणि चार्जर तपासले असते.

त्या शेवटच्या आकड्यापेक्षा तापमान कसं चढलं, हे जास्त बोलकं होतं. कॉल सुरू होताच काही सेकंदांत 50 वरून 88, मग दहा-बारा मिनिटांत हळूहळू 99. प्रोसेसरची चिप नखाएवढी असते, ती क्षणात तापते. थोडी उडी त्यामुळे नेहमीच दिसते, पण एवढी मोठी उडी म्हणजे चिपमधली उष्णता वरच्या तांब्याच्या पट्टीपर्यंतच नीट पोचत नाही. हा दोष चिप आणि पट्टीच्या मधे लावलेल्या, उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टचा. नंतरची संथ चढण मात्र हवेची वाट अडल्याची खूण.

आधी धूळ काढली. चार्जर काढून, बॅटरीचा प्लग सोडवून पंखा उचलला. पाती बऱ्यापैकी स्वच्छ होती. पण पंखा आणि जाळीच्या मधे नमद्यासारखा दाट थर बसला होता. बाहेरून फुंकून तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडू शकतं. नंतर संथ चढण थांबली, पण 88 ची उडी तशीच.

मग पट्टीचे स्क्रू, त्यांच्या शेजारी छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे सैल केले. पेस्ट कडांना सरकून खडूसारखी कोरडी झाली होती. चिप आणि तांबं कितीही गुळगुळीत दिसली तरी मधे सूक्ष्म खळगे राहतात. पेस्ट निघून गेली की तिथे हवा शिरते, आणि हवा उष्णता जेमतेमच पुढे नेते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, नवी पेस्ट पातळ पसरवली. जाड थर घालणं चूकच, कारण पेस्ट तांब्यापेक्षा उष्णता खूपच कमी वाहते. शेजारच्या चिपांवरचे मऊ पॅड मात्र तसेच ठेवले. तिथली फट मोठी असते, पेस्टने ती भरत नाही.

त्याच कॉलवर आता तापमान 74 ला थांबतं.