फोन अपडेटनंतर घड्याळ जोडले जात नसेल तर: दोन्हीकडची जुनी जोडणी कशी पुसायची

फोनचे अपडेट पूर्ण होते, फोन पुन्हा सुरू होतो आणि त्यानंतर स्मार्टवॉच काही केल्या त्याला जोडले जात नाही. ॲपमध्ये चक्र फिरत राहते, किंवा पिन कधी मागितलेलाच नसताना तो चुकीचा असल्याचा संदेश येतो. अपडेटच्या आदल्या दिवशी सगळे नीट चालत होते ना? मग घड्याळ बिघडल्याची शक्यता फार कमी आहे. बहुतेक वेळा जुन्या जोडणीची नोंद आड येते आणि ती घरच्या घरी पुसता येते.

नेमके काय बिनसते

फोन आणि घड्याळ पहिल्यांदा पेअर होतात तेव्हा दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि तिची एकेक प्रत आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढे प्रत्येक वेळी या दोन प्रती जुळल्या तरच त्यांचे बोलणे सुरू होते. अपडेटमध्ये फोनमधला ब्लूटूथचा भागही बदलतो. त्या बदलात फोनकडची प्रत कधी हरवते, कधी वाचता येईनाशी होते. घड्याळाला यातले काही माहीत नसते. ते जुनीच किल्ली पुढे करत राहते. शिवाय घड्याळ कोणकोणत्या सेवा देते याची यादी फोन आपल्याकडे साठवून ठेवतो. ती जुनी झाली तर घड्याळ जोडलेले दिसते, पण पावले, झोप, हृदयाचे ठोके यांपैकी काहीच ॲपमध्ये उतरत नाही.

अँड्रॉइड 16 मध्ये आणखी एक फरक पडला आहे. किल्ली जुळली नाही तर आधीचे फोन जुनी नोंद परस्पर काढून नव्याने पेअरिंग सुरू करत. त्यातून नकळत भलत्याच उपकरणाशी जोडणी होण्याचा धोका होता. आता फोन संपर्क तोडतो, जुनी नोंद तशीच ठेवतो आणि पुन्हा पेअर करायला सांगतो. हा संदेश बंद करून नुसते "Connect" दाबत राहिल्याने काही होत नाही. जुनी नोंद तुम्हालाच काढावी लागते.

पुसापुशी करण्याआधी

फोन आणि घड्याळ दोन्ही एकदा बंद करून सुरू करा. त्यानंतर ॲप स्टोअरमधून घड्याळाचे ॲप अद्ययावत करून घ्या, कारण नव्या फोन-सिस्टिमशी जुने ॲप जुळत नसेल तर पुढची सगळी खटपट वाया जाते.

मग परवानगी पाहा. अँड्रॉइड 12 पासून जवळची ब्लूटूथ उपकरणे शोधण्यासाठी "Nearby devices" ही वेगळी परवानगी लागते. त्याआधीच्या आवृत्त्यांत हेच काम लोकेशनच्या परवानगीवर चालत असे. त्यामुळे जुना फोन 12 किंवा त्यापुढे गेला की ॲपला शोधच घेता येत नाही, असे होऊ शकते. "Settings" मध्ये "Apps", तिथे घड्याळाचे ॲप, मग "Permissions" उघडून ही परवानगी द्या. काही ॲपना आजही लोकेशन चालू असावे लागते, म्हणून जोडताना तेही चालू ठेवा.

घरात दुसऱ्या फोनवर किंवा टॅबवर तेच ॲप असेल तर त्याचे ब्लूटूथ बंद करा. घड्याळ त्याला जाऊन चिकटले असेल तर तुमच्या फोनला ते दिसणारच नाही.

एकीकडेच पुसले तर काय होते

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. फोनवर "Forget" दाबले म्हणजे जोडणी पुसली गेली, असे वाटते. पण त्याने फक्त फोनकडची प्रत जाते. साधी घड्याळे एका वेळी एकाच फोनची नोंद ठेवतात. ती नोंद असेपर्यंत ते घड्याळ स्वतःला जोडलेलेच समजते आणि नव्या शोधात नाव दाखवत नाही. म्हणजे शोधाच्या यादीत घड्याळ येतच नसेल, तर घड्याळाकडची नोंद अजून बाकी आहे असे समजा.

याउलट घड्याळ रीसेट केले आणि फोनवरची नोंद तशीच ठेवली, तर घड्याळ फोनच्या यादीत दिसते, पण नावावर टिचकी मारली की क्षणभर प्रयत्न होऊन पिन किंवा पासकी चुकल्याचा संदेश येतो. हा संदेश दिसला की फोनवरची नोंद बाकी आहे.

पुसण्याचा क्रम

आधी एक सावधगिरी. घड्याळ रीसेट केले की त्यातली अजून फोनवर न गेलेली माहिती जाते. जोडणी तुटल्यापासूनची पावले आणि व्यायाम बहुधा त्यातच असतात. एखादी नोंद महत्त्वाची असेल तर घड्याळाच्या पडद्यावरून ती टिपून ठेवा किंवा तिचा फोटो काढा. घड्याळात पैसे भरण्याचे कार्ड जोडलेले असेल तर ते पुन्हा जोडावे लागेल. ॲपच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्डही हाताशी असू द्या. आणि घड्याळ निदान निम्मे चार्ज असू द्या.

सुरुवात ॲपपासून करा. ॲपमध्ये घड्याळाच्या पानावर तळाशी "Unpair", "Unbind" किंवा "Remove device" असे काहीतरी असते, ते दाबा. ॲपने सोडले नाही तर ते पार्श्वभूमीत जुन्याच घड्याळाला हाका मारत राहते, म्हणून हे आधी.

त्यानंतर फोनच्या "Settings" मधली ब्लूटूथची यादी उघडा, घड्याळाच्या नावापुढचे दातेरी चक्र दाबा आणि "Forget" किंवा "Unpair" निवडा. यादी शेवटपर्यंत सरकवून पाहा. कॉल घेता येणाऱ्या बऱ्याच घड्याळांची इथे दोन नावे असतात: माहितीची देवाणघेवाण कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरून होते आणि कॉलचा आवाज नेहमीच्या ब्लूटूथवरून. दोन्ही नावे काढा.

शेवटी घड्याळावर जा. त्याच्या सेटिंगमध्ये "System" किंवा "General" खाली "Reset" किंवा "Factory reset" असते. घड्याळ पुन्हा सुरू होऊन भाषा विचारू लागले किंवा क्यूआर कोड दाखवू लागले, तर नोंद पुसली गेली.

एक उदाहरण

समजा, कॉलची सोय असलेले घड्याळ आहे आणि फोन अँड्रॉइड 13 वरून 14 वर गेला. कॉल आला की घड्याळातून आवाज येतो, पण ॲप म्हणते "Disconnected" आणि पावले कालच्याच आकड्यावर थांबलेली. कॉल चालतात म्हणजे ब्लूटूथ ठीक आहे, असे समजून अनेक जण ॲप काढून पुन्हा टाकतात. तरीही ॲपला घड्याळ सापडत नाही.

इथे नेहमीच्या ब्लूटूथची किल्ली शाबूत आहे, कमी विजेच्या ब्लूटूथची बिघडली आहे. फोनच्या यादीत "Watch" आणि "Watch Call" अशी दोन नावे दिसतात. फक्त "Watch" काढले तर "Watch Call" जोडलेलेच राहते आणि घड्याळ जुनी नोंद सोडत नाही. म्हणून दोन्ही नावे काढायची, घड्याळ रीसेट करायचे, फोन एकदा बंद-चालू करायचा आणि मगच ॲप उघडायचे. आता क्यूआर कोड स्कॅन केला की पेअरिंगची पहिली विचारणा येते. ती स्वीकारल्यावर काही वेळाने कॉलच्या जोडणीसाठी दुसरी येते. ही दुसरी विचारणा कधी कधी पडद्यावर न येता वरच्या नोटिफिकेशनच्या पट्टीत जाऊन बसते. तिथून ती स्वीकारली नाही, तर या वेळी उलटे होते: पावले येतात, कॉल येत नाहीत.

कॅश कधी आणि कोणती पुसायची

दोन्हीकडची नोंद काढूनही पेअरिंग अडले, तर कॅश, म्हणजे तात्पुरती साठवून ठेवलेली माहिती, पुसा. अँड्रॉइडवर दोन ठिकाणी हे करावे लागते.

पहिले म्हणजे घड्याळाचे ॲप: "Settings", "Apps", ॲपचे नाव, "Storage & cache", "Clear cache". त्याशेजारचे "Clear storage" किंवा "Clear data" हे वेगळे बटण आहे. ते दाबल्यास ॲपमधून तुम्ही बाहेर पडता आणि खात्यावर न चढवलेली, फक्त फोनमध्ये असलेली जुनी आकडेवारी कायमची जाते. कॅश पुसल्याने यातले काही होत नाही.

दुसरे म्हणजे फोनचे स्वतःचे ब्लूटूथ. "Apps" च्या पूर्ण यादीत वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून "Show system" निवडा, यादीत "Bluetooth" शोधा आणि त्याचीही "Clear cache" करा. फोनच्या कंपनीप्रमाणे ही नावे थोडी बदलतात. मग फोन बंद करून चालू करा. हे केल्याशिवाय ब्लूटूथ नव्याने सुरू होत नाही.

एवढ्यानेही भागले नाही, तर "System" खालच्या "Reset options" मध्ये वायफाय आणि ब्लूटूथ रीसेट करण्याची सोय असते. त्याने इअरफोन, गाडी, स्पीकर अशा सगळ्या जोडण्या आणि वायफायचे पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते शेवटी. फोन बंद ठेवून बटणे दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूत मात्र जाऊ नका. तिथे कॅश पुसण्याच्या पर्यायाशेजारीच पूर्ण फोन पुसण्याचा पर्याय असतो, आणि बऱ्याच नव्या फोनांत कॅशचा तो वेगळा कप्पा मुळात नसतोच.

आयफोन असेल तर

आयफोनवर ॲपची कॅश वेगळी पुसण्याचे बटण नाही. ॲप काढून पुन्हा टाकावे लागते. ब्लूटूथच्या यादीत घड्याळापुढचा "i" दाबून "Forget This Device" निवडा, घड्याळ रीसेट करा आणि ॲपमधून जोडा. जोडल्यावर त्याच "i" मध्ये "Share System Notifications" चालू आहे का ते पाहा. ते बंद राहिले तर घड्याळावर संदेश येत नाहीत.

ॲपल वॉचची रीत वेगळी आहे. "Watch" ॲपमध्ये "All Watches", मग घड्याळापुढचा "i" आणि "Unpair Apple Watch" असा मार्ग घ्या. या मार्गाने गेल्यास फोन आधी घड्याळाचा बॅकअप घेतो. थेट घड्याळावरून पुसले तर नवा बॅकअप होत नाही आणि पुन्हा जोडताना ॲपल खात्याचा पासवर्ड लागतो.

पुन्हा जोडताना

जोडणी नेहमी घड्याळाच्या ॲपमधूनच करा. फोनच्या ब्लूटूथ यादीतून थेट जोडले तर फोनला घड्याळ मिळते पण ॲपला मिळत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून पुसावे लागते. जोडल्यावर ॲपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये "Unrestricted" निवडा, कारण अपडेटनंतर ही निवड कधी कधी मूळ स्थितीत जाते आणि फोन काही वेळाने ॲप झोपवतो. घड्याळासाठी नवे सॉफ्टवेअर आल्याचे ॲप सांगत असेल तर ते लगेच घ्या, आणि ते पूर्ण होईपर्यंत फोन घड्याळाजवळ ठेवा.

हे सगळे करूनही न जमल्यास घड्याळ दुसऱ्या एखाद्या फोनला जोडून पाहा. तिथे जोडले गेले तर अडचण तुमच्या फोनकडे आहे. दोन्ही फोनांना जोडले गेले नाही, तर घड्याळ आमच्याकडे घेऊन या. सोबत फोन आणा, फोनची अँड्रॉइड किंवा आयओएस आवृत्ती आणि ॲपची आवृत्ती लिहून आणा, आणि पडद्यावर आलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट ठेवा. त्यावरून नोंद कोणत्या बाजूला अडली आहे हे आम्हाला लगेच कळते.