दुपारची सुस्ती (बैठ्या कामातील)

टेबलाशी बसून काम करणाऱ्यांना साधारण दीड ते चारच्या दरम्यान येणारी पेंग आणि उडणारे लक्ष. 'जेवण झालं का रक्त पोटाकडे जाते, मंग डोकं कसं चालन?' असे विदर्भातल्या गावागावांत ऐकू येते. प्रत्यक्षात जेवणानंतरही मेंदूचा रक्तपुरवठा शरीर सांभाळून ठेवते. दुपारी शरीराच्या अंतर्गत घड्याळातच जागेपणाचा जोर ओसरतो, आणि हे उपाशी माणसातही दिसते. नेमके त्याच वेळी भरपेट जेवण झाले की सुस्ती दाट होते.

तालुक्याच्या कचेरीत नोंदी टाइप करणाऱ्या, गावाहून ये-जा करणाऱ्या माणसाचा नेहमीचा दिवस घेऊ. सकाळी नऊला बसस्टँडवर तर्री-पोहे आणि साखरेचा चहा. दीडला डबा: तीन पोळ्या, आलूची भाजी, शेवटी भात आणि पातळ वरण. या ताटात पिष्टमय पदार्थ सहज शंभर ग्रॅमच्या पुढे जातात, डाळ मात्र नावापुरती. अडीचला एकच ओळ दोनदा वाचावी लागते. मग तीनला पुन्हा गोड चहा.

यात पदार्थ फारसे बदलावे लागत नाहीत, वाटणी बदलावी लागते. पोह्यांसोबत घरूनच मूठभर मोड आलेली मटकी किंवा उकडलेले अंडे घेतले, तर दुपारी भुकेने ताट वाढत नाही. डबा एकला उघडावा. त्यात दीड पोळी किंवा एक भाकर, घट्ट तुरीचे वरण किंवा झुणका, आणि पालेभाजी असावी. भाजी-वरणाचे चार घास आधी खाऊन मग पोळीला हात लावला, तर रक्तातली साखर कमी उंच चढते. घासांचा हा क्रम मधुमेहींवरील अभ्यासांतही उपयोगी दिसला आहे. उरलेली भूक चारला फुटाण्यांवर भागवावी. पन्नास ग्रॅममध्ये सुमारे दहा ग्रॅम प्रथिने मिळतात. जेवल्यावर दहा मिनिटे आवारात चालले की पायांचे स्नायू साखर वापरू लागतात.

ज्वारीची भाकर खाल्ली म्हणून साखर चढतच नाही, हा भ्रम आहे. तीन भाकरी म्हणजे तीन भाकरीच. उपासाच्या दिवशी 'पोट हलकं आहे' म्हणत साबुदाण्याची उसळ खाणाऱ्याचीही हीच गत होते, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

बदल कामी आला का, हे आठवडाभर तीन वाजता किती झोप येते ते लिहून ठेवल्यास कळते. रात्रीची झोप पाच तासांची असेल, तर मात्र कोणताही डबा पुरा पडत नाही. चहाने ती तूट झाकता येते, पण कॅफिनचा निम्मा अंश उतरायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळचा कप रात्रीची झोप आणखी पातळ करतो. सुस्तीसोबत सतत तहान आणि वारंवार लघवी होत असेल, तर रक्तातली साखर तपासावी. धाप आणि फिकटपणा असेल, तर हिमोग्लोबिन. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी जेवणाचे प्रमाण व वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी.