ईजीएफआर 8.5, पण डायलिसिस आजच कशाला?

बासष्ट वर्षांचे एक काका. रक्तात साठणारा कचरा, क्रिएटिनीन, 6.8; त्याच्याखाली छापलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते याचा त्यावरून काढलेला अंदाज, साधारण 8.5. असे काका कुठल्याही किडनीच्या ओपीडीत भेटतात. सोबतच्या मुलाचा चेहरा उतरलेला असतो आणि त्याचा प्रश्न ठरलेला: "दहाच्या खाली गेलं, म्हणजे आता डायलिसिस सुरू करायचंच ना?" काका मात्र दोन वेळा नीट जेवतात, जिना चढतात, रात्री आडवे झोपू शकतात. पोटॅशियम 5.0 आहे. दिवसाला 1400 मिली लघवी होते. माझ्या मते या काकांना आज डायलिसिसची गरज नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 828 रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला. ‘आयडियल’ नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. एका गटाचं डायलिसिस ईजीएफआर 10 ते 14 असताना सुरू करायचं होतं, दुसऱ्याचं 5 ते 7 पर्यंत थांबून. साडेतीन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं, 37.6 आणि 36.6 टक्के. लवकर सुरू करून आयुष्य वाढलं नाही. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट घरच्यांपर्यंत क्वचितच पोचते. थांबायला सांगितलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना आकडा 7 वर येण्याआधीच, मुख्यतः त्रास होऊ लागल्यामुळे, डायलिसिस सुरू करावं लागलं. थांबणं म्हणजे घरी बसून राहणं नव्हे; दर काही आठवड्यांनी तपासणी आणि हातात आधीच करून ठेवलेला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली शीर, हवा. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला महिने लागतात. तो नसेल तर ऐनवेळी मानेतल्या कॅथेटरवर वेळ येते, आणि त्यातून जंतुसंसर्गाची भीती असते.

आकड्यावर भिस्त का ठेवू नये, हे एका आजींकडे पाहून कळतं. सत्तरीच्या, वजन जेमतेम 42 किलो. क्रिएटिनीन फक्त 4, ईजीएफआर 11 च्या पुढे, म्हणजे कागदावर काकांपेक्षा बऱ्या. पण क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं आणि आजींचे स्नायू झिजलेत. त्यामुळे रक्तातला आकडा लहान दिसतो आणि किडनी आहे त्याहून चांगली भासते. आजींना सकाळी मळमळ होते, अन्नाची शिसारी आली आहे, आडवं झालं की धाप लागते. ॲनिमिया, औषधांचे परिणाम, हृदयाचा आजार अशी दुसरी कारणं तपासून आणि पाणी कमी करणारं औषध वाढवूनही हे थांबत नसेल, तर डायलिसिस आधी आजींना लागेल. वाढलेलं पोटॅशियम औषधांना दाद देत नसेल, हृदयाच्या आवरणाला सूज आली किंवा भान हरपू लागलं, तर मात्र कोणताही आकडा न पाहता त्याच दिवशी.

काकांची किडनी खरोखर किती काम करते, हे 24 तासांच्या लघवीवरून कळतं. लघवीत दिवसाला 980 मिलिग्रॅम क्रिएटिनीन आलं, रक्तातल्या 6.8 शी हिशेब केला तर मिनिटाला सुमारे 10 मिली रक्ताची सफाई. युरियाचा तसाच हिशेब सव्वाचारच्या आसपास येतो. क्रिएटिनीनचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असतो, युरियाचा कमी, म्हणून सरासरी धरतात: सुमारे 7.

सात म्हणजे क्षुल्लक वाटेल. पण ही सफाई आठवड्याचे 168 तास अखंड चालते, तर आठवड्याला तीनदा चार-चार तास केलेलं डायलिसिस 12 तासांचं. रक्तातली काही विषारी द्रव्यं प्रथिनांना चिकटून बसतात. मशीनच्या जाळीतून ती फारशी निघत नाहीत, किडनीच्या नलिका मात्र ती ओढून बाहेर टाकतात. शिवाय लघवी होत असली की दोन डायलिसिसच्या मधे पाणी कमी साठतं, मशीनला एका बैठकीत खूप पाणी खेचावं लागत नाही. पोटाच्या डायलिसिसवरच्या ‘कॅनुसा’ अभ्यासाच्या फेरविश्लेषणात रोजच्या लघवीतल्या प्रत्येक 250 मिली वाढीमागे मृत्यूचा धोका 36 टक्के कमी दिसला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही; तरी किडनीचं उरलेलं काम जपावं असं मला ठामपणे वाटतं.

ते जातं बहुतेकदा क्षुल्लक कारणांनी. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी, जुलाबांत आटलेलं पाणी, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं. डायलिसिस सुरू झाल्यावर बैठकीत रक्तदाब घसरला की किडनीचा रक्तपुरवठा तुटतो, आणि लघवी आटत जाते. म्हणून पाणी हळूहळू काढावं. लघवी होत असेल तर पाणी काढणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

पैशाअभावी आपल्याकडे अनेकजण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. काकांसारखी लघवी भरपूर असेल तर दोनदा सुरुवात करणं योग्य ठरू शकतं. पण त्यासाठी लघवी मोजत राहावी लागते: दर दोन-तीन महिन्यांनी, दोन डायलिसिसच्या मधली, एकही थेंब न सांडता गोळा केलेली. सफाई उतरली, की तिसरी बैठक जोडायची.