inswapper_128 चं लायसन्स नेमकं कुठून आलं?

फेस स्वॅपवाल्या बहुतेक फुकट टूल्समध्ये आत एकच फाइल असते, `inswapper_128.onnx`. 2023 मध्ये रूप नावाचं टूल आलं आणि एका फोटोवर चेहरा बदलायची लाटच आली, मग फेसफ्यूजन, डीप-लाइव्ह-कॅम वगैरे आली, पण चेहरा बदलायचं खरं काम बहुतेक ठिकाणी हीच फाइल करते. आणि लोक चेक काय करतात तर टूलच्या पानावरचं लायसन्स. ते कोडचं असतं हो, वेट्सचं नाही, म्हणजे ट्रेनिंगमधून तयार झालेल्या मॉडेलच्या आकड्यांचं नाही.

ही फाइल इनसाइटफेस या चेहरा ओळखण्याच्या ओपन-सोर्स प्रोजेक्टची. त्यांच्या रीडमीत स्पष्ट लिहिलंय की कोड एमआयटी लायसन्सखाली आहे, धंद्यासाठीही वापरा, पण ट्रेनिंग डेटा आणि त्यावर ट्रेन केलेली मॉडेल्स फक्त बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी. एकाच पानावर या दोन अटी, आणि वाचणारा "एमआयटी" बघून पुढे सरकतो.

असं दुहेरी का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं. चेहरा ओळखणारी मॉडेल्स चांगली व्हायला लाखो चेहरे लागले आणि ते इंटरनेटवरूनच उचलले गेले. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-सेलेब-वन-एम नावाचा डेटासेट काढला, सुमारे 1 लाख लोकांचे 1 कोटी फोटो, कुणालाही न विचारता गोळा केलेले, म्हणून वापर संशोधनापुरताच. 2019 मध्ये टीका झाली आणि मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकला, पण तोवर त्याच्या साफ केलेल्या कॉप्या सगळीकडे पोचल्या होत्या आणि इनसाइटफेसवाल्यांचं चेहरा ओळखणारं आर्कफेस मॉडेल अशाच एका कॉपीवर ट्रेन झालं होतं. पुढे त्यांच्या `buffalo_l` पॅकमध्ये वेबफेस नावाच्या डेटावरचं मॉडेल आलं, तो डेटाही संशोधनासाठीच मिळतो. म्हणजे "फक्त संशोधन" ही अट डेटापासूनच सोबत आलीय. डेटाची अट वेट्सना कायद्याने लागते का यावर अजून एकमत नाही, पण इथे तो वादच येत नाही कारण वेट्स देणाऱ्याने स्वतःच अट घातलीय.

आता समजा एका छोट्या स्टुडिओला जाहिरातीत स्वॅप करायचाय, पैसे घेऊन. पहिल्यांदा रन केलं की `buffalo_l` आपोआप `~/.insightface/models` मध्ये उतरतं, न विचारता, त्यात `det_10g.onnx` चेहरा शोधतं आणि `w600k_r50.onnx` ओळख काढतं. मग inswapper चेहरा बनवतो, पण फक्त 128 बाय 128 पिक्सेलचा, मोठ्या फ्रेममध्ये तो धूसर दिसतो, म्हणून लोक पुढे चेहरा स्पष्ट करणारं कोडफॉर्मर हे मॉडेल लावतात. आणि इथे दुसरा अडथळा येतो, कोडफॉर्मरचं एस-लॅब लायसन्सही बिगर-व्यावसायिकच आहे. ते ज्या एफएफएचक्यूवर ट्रेन झालंय तो 70,000 फ्लिकर फोटोंचा सेट एनव्हिडियाने सीसी बाय-एनसी-एसए या बिगर-व्यावसायिक लायसन्सखाली दिलाय आणि आतल्या प्रत्येक फोटोचं लायसन्स पुन्हा वेगळं. एका चेहऱ्यासाठी इतक्या अटी! काही जण म्हणतात आपण मॉडेल विकत नाही, फक्त व्हिडिओ देतो. पण पैसे घेऊन क्लायंटसाठी ते चालवणं हाच व्यावसायिक वापर झाला ना.

म्हणून आधी फोल्डरमध्ये खरंच काय पडलंय ते बघायचं:

```
find . ~/.insightface \( -name "*.onnx" -o -name "*.pth" \) -exec sha256sum {} +
```

प्रत्येक फाइलपुढे मूळ कोणाची आणि वेट्सची अट काय ते लिहायचं. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, तो यासाठी की inswapper ची अधिकृत लिंक नंतर काढली गेली आणि आता ती हगिंगफेसवर कुणाकुणाच्या अकाउंटवरून मिळते, काहींनी तर नावही बदललेलं असतं, आणि पानावरचं लायसन्स अपलोड करणाऱ्याने टाकलेलं असतं. मूळ फाइलच्या हॅशशी जुळला तर फाइल तीच, अट मूळ मालकाचीच. न जुळला तर लगेच मोकळे झालो असं नाही, कन्व्हर्ट केलेली फाइल असली तरी हॅश बदलतो.

एवढं कशाला असं वाटत असेल तर 2021 चं एव्हरअल्बम या फोटो अ‍ॅपवाल्या कंपनीचं प्रकरण बघा, अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण यंत्रणेने त्या कंपनीला अकाउंट बंद केलेल्या युजर्सचे फोटो तर डिलीट करायला लावलेच पण युजर्सच्या फोटोंवर बनवलेली मॉडेल्सही. तिथे मुद्दा लायसन्सचा नव्हता, संमतीचा होता, पण डेटातली चूक मॉडेलपर्यंत येते हे तिथे आदेशात उतरलं.

इनसाइटफेस व्यावसायिक लायसन्स वेगळं देतं, ते घ्यायचं तर मेलमध्ये फाइलचं नाव, पॅकचं नाव आणि आउटपुट कुठे वापरणार हे लिहून उत्तर लेखी घ्या, आणि कोडफॉर्मरसाठी त्याच्या लेखकांना वेगळं विचारा, एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. स्वतः ट्रेन करतो म्हणून डीपफेसलॅब या स्वॅप मॉडेल ट्रेन करायच्या टूलकडे वळणार असाल तर त्याच्या प्रीट्रेनसाठी, म्हणजे सुरुवातीच्या ट्रेनिंगसाठी, सोबत येणारा चेहऱ्यांचा सेट आधी बघा, सुरुवातीला तो सेलेबएचा होता आणि नंतर एफएफएचक्यूचा, आणि सेलेबएही बिगर-व्यावसायिक संशोधनापुरताच आहे.