मूळ संख्येचा लॉग, तिच्या शेजाऱ्यांकडून

१३ चा लॉग तोंडी काढायचा आहे. पाठ आहेत ते फक्त तीन आकडे: २ चा लॉग ०.३०१०३, ३ चा ०.४७७१२ आणि ७ चा ०.८४५१०. पाया अर्थातच १०. ५ चा लॉग वेगळा पाठ करावा लागत नाही, कारण ५ म्हणजे १० भागिले २, आणि १ मधून ०.३०१०३ वजा केले की ०.६९८९७ हाती येतात. ४, ६, ८, ९ हे याच तिघांच्या गुणाकारांतून मिळतात, म्हणजे १० पर्यंतची सोय झाली. पण १३ ही मूळ संख्या आहे. तिचे अवयव पडत नाहीत, त्यामुळे अवयवांच्या लॉगांची बेरीज करण्याचा नेहमीचा रस्ता इथे बंद होतो.

अशा वेळी १३ कडे बघत बसण्यापेक्षा तिच्या शेजाऱ्यांकडे बघावे. अलीकडे १२ आहे, पलीकडे १४. १२ म्हणजे २ × २ × ३, तिचा लॉग १.०७९१८. १४ म्हणजे २ × ७, तिचा लॉग १.१४६१३. या दोघांच्या मधोमध १३ बसलेली आहे, तर लॉगांचीही सरासरी घेऊन पाहू. बेरीज २.२२५३१, तिचे निम्मे १.११२६६. खरा लॉग आहे १.११३९४. पहिल्याच प्रयत्नात आपण दीड हजारांशापेक्षाही जवळ आलो.

उरलेला फरक कुठून आला हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण तो फरकही तोंडी काढता येतो. लॉगांची बेरीज म्हणजे संख्यांचा गुणाकार, आणि लॉगाचे निम्मे म्हणजे वर्गमूळ. म्हणजे सरासरी घेताना आपण नकळत १२ × १४ चे, १६८ चे वर्गमूळ काढले. ते १२.९६ येते, १३ नव्हे. आपल्याला हवा होता १३ चा वर्ग, १६९. चूक एवढीच झाली की १६९ च्या जागी १६८ धरले गेले. आणि ही एकाची तूट १३ पुरती नाही. कोणत्याही संख्येचा वर्ग घ्या, तो तिच्या दोन शेजाऱ्यांच्या गुणाकारापेक्षा बरोबर एकाने मोठा असतो. ५ × ७ = ३५ आणि ६ चा वर्ग ३६, १० × १२ = १२० आणि ११ चा वर्ग १२१. शाळेत पाठ केलेले a² − b² चे सूत्र, फक्त b च्या जागी १.

तर प्रश्न असा उरतो: १६८ वरून १६९ वर जाताना लॉग किती वाढतो? त्यासाठी चौथा आकडा लक्षात ठेवावा लागतो, ०.४३४३. संख्या थोडीशी वाढली, तर ती किती टक्क्यांनी वाढली ते पाहायचे आणि त्या प्रमाणाला ०.४३४३ ने गुणायचे. लॉगमधली वाढ साधारण तेवढी असते. हा गुणाकार डोक्यात करायला सोपा आहे: ०.४३ ने गुणा आणि उत्तरात त्याचाच एक टक्का मिळवा.

इथे एक बारकावा आहे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ‘किती टक्क्यांनी वाढली’ हे कशाच्या तुलनेत मोजायचे, लहान संख्येच्या की मोठ्या? दोन्हींच्या नव्हे, दोघींच्या मधल्या संख्येच्या तुलनेत. याची खात्री आपल्याच पाठ आकड्यांवर करून घेता येते. २ चा दहावा घात १०२४. म्हणून १०२४ चा लॉग ३.०१०३०, म्हणजे १००० वरून १०२४ वर जाताना लॉग ०.०१०३० ने वाढतो. आता नियम लावून पाहा. २४ ला १००० ने भागले तर ०.०२४, त्याला ०.४३४३ ने गुणल्यावर ०.०१०४२ येतात. जास्त झाले. १०२४ ने भागले तर ०.०१०१८, कमी झाले. मधल्या १०१२ ने भागले तर ०.०२३७२, आणि गुणाकार ०.०१०३०. पाचही स्थळे जुळली. मधली संख्या घेतल्याने नियम इतका नेमका होतो की छोट्या फरकांसाठी चूक किती राहील याचा विचारच करावा लागत नाही.

परत १३ कडे. १६८ आणि १६९ च्या मध्ये १६८.५. ०.४३४३ भागिले १६८.५ म्हणजे ०.००२५८. हे २.२२५३१ मध्ये मिळवले की २.२२७८९, आणि त्याचे निम्मे १.११३९४ किंवा १.११३९५. खरा लॉग १.११३९४. लॉगटेबलात चार स्थळे मिळतात, इथे पाचव्या स्थळापर्यंत आपण कागदाविना पोहोचलो. शेवटी निम्मे करायचे असल्यामुळे दुरुस्तीत झालेली बारीकसारीक चूकही निम्मी होते. या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

ज्या मूळ संख्येचे दोन्ही शेजारी फक्त २, ३, ५ आणि ७ चे बनलेले आहेत, तिला हीच युक्ती जशीच्या तशी लागू पडते. ११ ला १० आणि १२ मिळतात, १७ ला १६ आणि १८, १९ ला १८ आणि २०, २९ ला २८ आणि ३०, ३१ ला ३० आणि ३२, ४१ ला ४० आणि ४२, ७१ ला ७० आणि ७२. ११ चा लॉग १.०४१३९ येतो आणि १७ चा १.२३०४५. संख्या मोठी होत जाते तशी एकाची तूट वर्गाच्या मानाने नगण्य होते. ७१ साठी दुरुस्ती जेमतेम ०.००००४ आहे, निव्वळ सरासरीनेही चार स्थळे मिळतात.

२३ मात्र नुसती शेजाऱ्यांकडे बघून सुटत नाही. तिच्या एका बाजूला २२ आहे, म्हणजे ११ आडवी येते. ११ चा लॉग आधी काढून पुढे जाता येते, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे २३ ला ७ ने गुणून चांगल्या वस्तीत नेणे. २३ × ७ = १६१, आणि १६१ च्या दोन्ही बाजूंना १६० आणि १६२. १६० म्हणजे १६ × १०, १६२ म्हणजे २ × ८१. दोन्ही आपल्या हातातल्या. त्यांचे लॉग २.२०४१२ आणि २.२०९५१, सरासरी २.२०६८२. एकाची दुरुस्ती इथे पाचव्या स्थळावर जेमतेम एक एवढी येते, म्हणून २.२०६८३. यातून ७ चा लॉग वजा केला की २३ चा १.३६१७३ उरतो, आणि तो बरोबर आहे.

या उदाहरणात एक धोकाही लपलेला आहे. १६२ मध्ये ३ चा चौथा घात आहे, म्हणजे ०.४७७१२ ला चारने गुणावे लागते. पण ३ चा लॉग सहा स्थळांपर्यंत ०.४७७१२१ आहे. पाच स्थळांवर तोडताना जे सोडून दिले ते चौपट होऊन परत येते, आणि शेवटच्या आकड्यावर हेलकावा बसतो. मोठे घात येणार असतील तर ३ साठी सहावे स्थळ लक्षात ठेवावे. २ च्या बाबतीत ही भीती जवळजवळ नाही, कारण त्याचा लॉग ०.३०१०२९९९५७ असा आहे आणि ०.३०१०३ हे योगायोगाने त्याच्या फारच जवळ जाते.

तोंडी हिशोबात हातचा चुकणे, दोन आकड्यांची अदलाबदल होणे हे होतच असते. म्हणून पडताळा हवा, आणि तो वेगळ्या वाटेने यायला हवा. ११ आणि १३ साठी असा पडताळा तयारच आहे: ७ × ११ × १३ = १००१. तिघांचे लॉग मिळवा. ०.८४५१०, १.०४१३९ आणि १.११३९४ यांची बेरीज ३.०००४३. दुसरीकडे १००१ चा लॉग थेट काढा, ३ अधिक ०.४३४३ भागिले सुमारे १०००. तोही ३.०००४३. ११ किंवा १३ पैकी कुठेही तिसऱ्या-चौथ्या स्थळावर चूक झाली असती तर ती इथे लगेच दिसली असती. पाठ केलेल्या तिघांचीच शंका आली तर ७ चा चौथा घात घ्यावा. तो २४०१ आहे आणि त्याला लागून २४००, म्हणजे ८ × ३ × १००. ७ च्या लॉगाची चौपट ३.३८०४०, आणि २४०० चा लॉग ३.३८०२१. फरक ०.०००१९, नियमाप्रमाणे ०.०००१८ हवा. पाचव्या स्थळावरचा एकाचा फरक चौपटीचा आहे. तिन्ही आकडे एकमेकांना साक्ष देतात.

आता या सगळ्याचा एक उपयोग. २ चा १२७ वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे, हे एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवले. ही संख्या किती अंकी आहे आणि तिची सुरुवात कोणत्या अंकांनी होते? एवढ्या मोठ्या संख्येत १ वजा केल्याने सुरुवातीच्या अंकांवर काही परिणाम होत नाही, म्हणून नुसता २ चा १२७ वा घात घेऊ. १२७ × ०.३०१०३ = ३८.२३०८१. पूर्णांक भाग ३८, म्हणून संख्या ३९ अंकी. सुरुवातीचे अंक ०.२३०८१ या भागात दडलेले आहेत. हा आकडा ओळखीचा वाटतो, कारण १७ चा लॉग १.२३०४५ आहे, म्हणजे १.७ चा ०.२३०४५. आपण त्यापेक्षा ०.०००३६ ने पुढे आहोत. आता नियम उलटा चालवायचा: ०.०००३६ ला ०.४३४३ ने भागले की ०.०००८३. म्हणजे १.७ मध्ये तिचा ०.०००८३ भाग मिळवायचा, आणि येतात १.७०१४. ती संख्या पूर्ण लिहिली तर १७०१४११८३४६… अशी सुरू होते.

हाच हिशोब २ चा लॉग ०.३०१ धरून केला तर ३८.२२७ येतात, आणि सुरुवातीचे अंक १६८ किंवा १६९ निघतात. नुसते ०.३ धरले तर १२६. अंकांची संख्या तिन्ही वेळा ३९ च येते, कारण ती पूर्णांक भागावर अवलंबून आहे आणि तो हलला नाही. पण लॉगमध्ये सोडून दिलेले ०.००००३ हे १२७ पट होऊन जवळजवळ ०.००४ होतात, आणि सुरुवातीच्या अंकांत तो फरक सुमारे एक टक्का असतो. म्हणून घात मोठा असेल तेव्हा आधी घाताला सोडलेल्या चुकीने गुणून पाहावे, मग किती अंक लिहायचे ते ठरवावे.