नॅसवरची जागा कोणाच्या नावावर?

शेअर्ड नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांनी मिळून वापरायचा साठा, पूर्ण भरला की पहिली तक्रार 'जागा संपली' अशी क्वचितच येते. तक्रार येते ती 'माझी फाइल उघडते, पण आत काहीच नाही' अशी. बरेच प्रोग्राम सेव्ह करताना आधी जुनी फाइल रिकामी करतात आणि मग त्यात नवा मजकूर लिहितात. रिकामी करायला जागा लागत नाही, लिहायला लागते. त्यामुळे भरलेल्या डिस्कवर पहिलं पाऊल पडतं, दुसरं पडत नाही आणि मागे शून्य बाइटची फाइल उरते. ज्याने डिस्क भरली त्याचं काही बिघडत नाही. फटका बसतो दुसऱ्याच कोणाला.

एक उदाहरण घेऊ. वापरायोग्य जागा ६००० जीबी, माणसं बारा, वापर २९०० जीबी. त्यांतल्या एकाने, त्याचं युजरनेम `u07` धरू, रात्रीचा बॅकअप लावला. फक्त बदललेल्या फाइली घेण्याऐवजी तो रोज नव्या तारखेच्या फोल्डरमध्ये सगळंच पुन्हा उतरवतो, एका रात्रीला १८० जीबी. सतरा रात्री सुरळीत जातात. अठराव्या रात्री उरलेल्या ४० जीबींत १८० मावत नाहीत आणि सकाळी बाराही जण अडकलेले असतात.

डिस्क कोटा, म्हणजे प्रत्येकाला आखून दिलेली जागेची मर्यादा, हे थांबवतो, आणि तेही डिस्क न चाळता. प्रत्येक फाइलच्या आयनोडमध्ये, म्हणजे तिच्या माहितीच्या नोंदीत, मालकाचा क्रमांक लिहिलेला असतो. फाइलसिस्टिम त्या फाइलला नवा ब्लॉक देते (साधारण ४ केबीचा), तेव्हाच त्या क्रमांकाच्या खात्यावर तो मांडते. खात्यातली बेरीज मर्यादेपलीकडे जाणार असेल तर ब्लॉक मिळत नाही. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखंच आहे हे: माल देतानाच नोंद, महिन्याच्या शेवटी गोदाम मोजणं नाही. सगळ्या फाइली मोजाव्या लागतात त्या फक्त जुन्या, भरलेल्या डिस्कवर कोटा पहिल्यांदा सुरू करताना.

लिनक्सच्या ext4 फाइलसिस्टिमवर `u07` चं खातं असं बांधतात:

```
setquota -u u07 400G 450G 0 0 /srv
```

पहिला आकडा सॉफ्ट मर्यादेचा, दुसरा हार्ड मर्यादेचा. पुढची दोन शून्यं फाइलींच्या संख्येसाठी. तिथे बंधन नको आहे. ही दुहेरी मर्यादा जुनी आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेला कोटा १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधून बाहेर पडला, तेव्हापासूनची. हार्ड म्हणजे भिंत. सॉफ्ट ओलांडली तर लिहिता येतं, पण घड्याळ सुरू होतं. त्याची मुदत ठरवून दिली नसेल तर सात दिवसांची.

आता तोच बॅकअप पुन्हा चालवू. `u07` चे आधीचे १२० जीबी आहेत. पहिल्या रात्रीनंतर ३००. दुसऱ्या रात्री ४०० ला घड्याळ सुरू होतं, ४५० ला भिंत लागते आणि शेवटचे ३० जीबी उतरत नाहीत. त्याच्या बॅकअपच्या नोंदीत `Disk quota exceeded` येतं. डिस्कच भरली असती तर `No space left on device` आलं असतं. हा फरक डोळ्यांत तेल घालून वाचावा, कारण पहिल्या संदेशाचा उपाय एका माणसाकडे असतो आणि दुसऱ्याचा सगळ्या डिस्ककडे. बाकीच्या अकरा जणांना काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या दिवशी `repquota -s /srv` मध्ये त्याची ओळ साधारण अशी दिसते:

```
u07   +-   450G   400G   450G   6days
```

अधिकचं चिन्ह म्हणजे सॉफ्ट मर्यादा ओलांडलेली आहे. लोक फसतात ते पुढे. समजा तो ४० जीबी पुसून ४१० वर आला आणि निर्धास्त झाला. घड्याळ थांबत नाही. ते ४०० च्या खाली आल्यावरच थांबतं. मुदत संपली की सॉफ्ट मर्यादाच भिंत बनते आणि हार्डपर्यंत ४० जीबी शिल्लक दिसत असूनही नवा ब्लॉक मिळत नाही.

एनएफएसवरून, म्हणजे सर्व्हरची डिस्क नेटवर्कवरून जोडून, लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खोच आहे. तिथे लिहिलेलं आधी स्वतःच्या संगणकाच्या मेमरीत साठतं आणि सर्व्हरकडे मागाहून जातं. म्हणून नकार बऱ्याचदा फाइल बंद करताना कळतो, आणि बंद करताना आलेली चूक न तपासणारा प्रोग्राम 'सेव्ह झालं' असं सांगून मोकळा होतो.

माझी स्वतःची चूक वेगळीच होती. एका ठिकाणी मी प्रत्येकाचा कोटा व्यवस्थित लावला, वर दोनदा तपासलाही, आणि महिन्याभरात डिस्क भरली. `repquota` मध्ये सगळ्यांच्या नावापुढे जवळपास शून्य आणि एकाच नावापुढे सगळा डोंगर. विंडोजच्या संगणकांना फोल्डर उघडून देणाऱ्या सांबाच्या सेटिंगमध्ये `force user` होतं. परवानग्यांची कटकट नको म्हणून कोणीतरी ते लावलं होतं, म्हणजे फाइल कोणीही टाको, मालक तोच एक. वही बरोबर होती, उधारी चुकीच्या नावावर चढत होती. आता कोटा लावला की मी आधी प्रत्येकाच्या संगणकावरून एक फाइल टाकून `ls -l` ने मालक बघतो.

आणि एका टीमचं फोल्डर खरोखरच सामाईक असेल तर माणसाचं खातं तिथे उपयोगाचं नाहीच. फोल्डरचं खातं हवं. एक्सएफएस फाइलसिस्टिमवर त्याला प्रोजेक्ट कोटा म्हणतात. व्हॉल्यूम `prjquota` पर्याय देऊन माउंट करायचा आणि मग:

```
xfs_quota -x -c 'project -s -p /srv/video 42' /srv
xfs_quota -x -c 'limit -p bhard=450g 42' /srv
```

४२ हा आपण निवडलेला क्रमांक. त्या फोल्डरमध्ये जन्मणारी प्रत्येक फाइल तो घेऊनच येते, मालक कोणीही असो. त्या फोल्डरवर `df` चालवलं तर डिस्कऐवजी ४५० जीबीच दिसतात, हे मला फार आवडतं. लोकांना वेगळं समजवावं लागत नाही. एक गोष्ट मात्र जाणवते: बाहेरची फाइल `mv` ने आत हलवली तर एरवी क्षणात होणारं काम पूर्ण कॉपीइतका वेळ घेतं, कारण दोन खात्यांमध्ये नुसतं नाव बदलून चालत नाही.

झेडएफएस फाइलसिस्टिमच्या नॅसवर हिशेबात स्नॅपशॉटही, म्हणजे एखाद्या क्षणाची जशीच्या तशी धरून ठेवलेली अवस्थाही, येतात. `quota` मध्ये ते धरले जातात. त्यामुळे `u07` ने २०० जीबी पुसले तरी कालच्या स्नॅपशॉटने ते धरून ठेवलेले असतात आणि आकडा जागचा हलत नाही. तो पुन्हा पुसतो, मग वैतागून फोन करतो. `refquota` फक्त आत्ता दिसणाऱ्या फाइली मोजतो, म्हणून मी दोन्ही लावतो:

```
zfs set refquota=450G tank/u07
zfs set quota=700G tank/u07
```

४५० ही त्याची मर्यादा. पुसलं की लगेच जागा मोकळी दिसते. पण बारा जणांचे ७०० धरले तर बेरीज ८४०० होते, म्हणजे आपल्या ६००० च्या कितीतरी पुढे. सगळे जण एकाच वेळी काठाला लागत नाहीत या भरवशावर ते चालतं. त्यामुळे अशा नॅसवर पूलची, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेल्या साठ्याची, एकूण शिल्लक दर सोमवारी `zpool list` ने बघणं माझ्या कामाच्या यादीत कायम आहे.