इन्फ्रास्ट्रक्चर, प्लॅटफॉर्म आणि सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस

इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणक सेवांचे तीन प्रकार. पहिल्यात नुसता संगणक मिळतो, दुसऱ्यात आपण लिहिलेला प्रोग्राम चालवण्यासाठी मांडून ठेवलेली जागा मिळते आणि तिसऱ्यात तयार प्रोग्रामच वापरायला मिळतो. बोलताना त्यांना अनुक्रमे ‘आयास’, ‘पास’ आणि ‘सास’ म्हणतात. मराठीत आयास म्हणजे कष्ट. हा निव्वळ योगायोग असला तरी लक्षात ठेवायला सोयीचा आहे, कारण तिन्हींत सर्वांत जास्त कष्ट पहिल्याच प्रकारात पडतात.

ही तीन नावे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये काढलेल्या ‘क्लाउड’च्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या अशा सेवांच्या, छोटेखानी व्याख्येमुळे रूढ झाली. सेवा मात्र त्याआधीपासून विकल्या जात होत्या. १९९९ मध्ये स्थापन झालेली सेल्सफोर्स ही कंपनी विक्री विभागाला लागणारे सॉफ्टवेअर ब्राउझरमधून वापरायला देत असे. ॲमेझॉनने २००६ च्या ऑगस्टमध्ये संगणक तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि गूगलने २००८ च्या एप्रिलमध्ये ॲप इंजिन ही प्रोग्राम चालवून देणारी सेवा आणली.

कार्यालयाचे उदाहरण

लग्नासाठी मंगल कार्यालय घेताना जे प्रश्न पडतात, तेच इथे पडतात. काही ठिकाणी रिकामे कार्यालय मिळते. हॉल, पाणी, वीज आणि मोठी भांडी त्यांची; आचारी, शिधा, वाढपी आणि शेवटची झाडलोट आपली. हे आयास. काही ठिकाणी स्वयंपाकघर माणसांसकट चालू असते. आपण शिधा आणि पदार्थांची यादी दिली की भट्टी पेटवणे, भांडी घासणे, पंगती उठवणे ते बघतात. हे पास. तिसऱ्या प्रकारात ताटावर कंत्राट ठरते. किती पाने उठतील ते सांगायचे आणि हात धुऊन जेवायला बसायचे. हे सास.

पैशाचा हिशोबही या उदाहरणात बराचसा बसतो. रिकाम्या कार्यालयाचे भाडे दिवसाचे असते, पाहुणे दोनशे येवोत की वीस. ताटाचे पैसे माणशी लागतात. भाड्याच्या संगणकाचे बिलही तो चालू असलेल्या वेळेवर निघते, कोणी वापरला की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. ॲमेझॉनच्या २००६ मधल्या पहिल्या संगणकाचे भाडे तासाला १० सेंट होते. तीस दिवस बंदच केला नाही, तर ७२० तासांचे ७२ डॉलर. सास सेवेचे बिल बहुधा दरमहा दर वापरकर्त्यामागे असते.

उदाहरण एका जागी तुटते. कार्यालयात त्या दिवशी एकच लग्न असते. क्लाउडमध्ये एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाडेकरूला आपला भाग म्हणजे स्वतंत्र संगणकच वाटतो. अशा भागाला आभासी यंत्र म्हणतात. तो काही मिनिटांत मिळतो आणि नको तेव्हा सोडून देता येतो, ते यामुळेच.

एका वाचनालयाचे तीन मार्ग

तालुक्याच्या गावातले एक वाचनालय कल्पनेत घेऊ. पुस्तके वीस हजार, सभासद आठशे. सभासदांना घरबसल्या पुस्तक शोधता यावे आणि राखून ठेवता यावे, एवढीच गरज आहे. यासाठी ‘कोहा’ नावाचे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाले आणि २००० च्या जानेवारीत वापरात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. सॉफ्टवेअर फुकट मिळाले, तरी ते ठेवायचे कुठे हा प्रश्न उरतोच.

आयासच्या मार्गाने गेल्यास वाचनालय एक आभासी यंत्र भाड्याने घेते. स्मृती किती, डिस्क किती, यंत्र मुंबईच्या डेटा सेंटरमधले की सिंगापूरच्या, हे निवडले की थोड्याच वेळात डेबियन ही संगणक प्रणाली घातलेला रिकामा संगणक हाती येतो. कोहाचे भांडार, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून उतरवून घ्यायचे ती जागा, त्या यंत्राला जोडून दिले आणि डेटाबेस सर्व्हर बसवला की पुढचे काम असे दिसते:

```
sudo apt install koha-common
sudo a2enmod rewrite cgi headers proxy_http
sudo systemctl restart apache2
sudo koha-create --create-db vachanalay
```

इथपर्यंत एका दुपारचे काम आहे. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही यंत्रावर पासवर्ड ओळखून आत शिरू पाहणारे प्रोग्राम सतत धडका देत असतात. लॉगिनच्या नोंदवहीत अशा ओळी दिसू लागतात:

```
Failed password for invalid user admin from 203.0.113.45 port 51122 ssh2
```

यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र पासवर्डने लॉगिन बंद करून किल्लीची फाइल वापरणे, नको ती दारे फायरवॉलने लावून घेणे आणि प्रणालीची सुरक्षा अद्यतने वेळेवर बसवणे ही कामे वाचनालयाचीच आहेत. भाडे घेणारी कंपनी त्यांत हात घालत नाही, कारण यंत्राच्या आत काय चालते ते बघण्याचा तिला अधिकारच दिलेला नसतो.

दुसरा नेहमीचा फटका डिस्क भरण्याचा. नोंदवह्या आणि जुन्या फाइली साचत जातात आणि एके सकाळी पुस्तक देण्याची नोंदच होत नाही. पडद्यावर `No space left on device` असे दिसले किंवा `df -h` या आज्ञेने १००% दाखवले की कारण कळते. तिसरा फटका यापेक्षा वाईट. कोहा रोज आपली राखीव प्रत काढते, पण ती त्याच यंत्रावर `/var/spool/koha` मध्ये ठेवते. चुकून यंत्रच पुसले गेले तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जातात. प्रत दररोज दुसरीकडे हलवणे हे आयासमधले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत जास्त राहून जाणारे काम.

पासचा मार्ग या वाचनालयाला कोहासाठी सोयीचा नाही. कोहाला वेब सर्व्हर, डेटाबेस, शोधाची अनुक्रमणी करणारा वेगळा प्रोग्राम आणि मागे चालत राहणारी कामे असा सगळा लवाजमा लागतो. पास सेवेला सुटसुटीत, एकटा प्रोग्राम आवडतो. पण समजा, वाचनालयाच्या एखाद्या सभासदाच्या मुलीने पायथॉनमध्ये पुस्तके शोधण्याचे छोटे पान लिहून दिले, तर पास चपखल बसते. हिरोकू या सेवेवर तिला `requirements.txt` मध्ये लागणाऱ्या पायथॉन पॅकेजांची यादी द्यावी लागते आणि `Procfile` नावाच्या फाइलमध्ये प्रोग्राम कसा सुरू करायचा एवढे लिहावे लागते:

```
web: gunicorn app:app
```

मग `git push heroku main` म्हटले की प्रणाली, पायथॉन, सुरक्षा अद्यतने सगळे ती सेवा पाहते. यंत्र कोणते आणि कुठे, हे मुलीला कळतही नाही.

पासच्या स्वयंपाकघराचे नियम मात्र पाळावे लागतात आणि नवशिके तिथेच अडखळतात. तिने पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो चढवण्याची सोय केली आणि फोटो प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवले, तर दिवसभर सगळे नीट दिसते. दुसऱ्या दिवशी फोटो गायब. कोणी हॅक केलेले नसते. हिरोकू दिवसातून निदान एकदा प्रोग्राम बंद करून नव्या, कोऱ्या जागेत सुरू करते आणि जुन्या जागेतल्या फाइली टाकून दिल्या जातात. पुस्तकांची यादी शाबूत राहते, कारण ती वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. नुकतेच चढवलेले फोटो जातात. ‘यादी आहे पण फोटो नाहीत’ अशी तक्रार आली की जाणकार लगेच विचारतो, फाइली कुठे ठेवल्या होत्या? त्या स्वतंत्र साठवण सेवेत ठेवणे हा उपाय.

पासचा आणखी एक धोका म्हणजे नियम बदलतात ते घरमालकाच्या मर्जीने. हिरोकूची फुकट योजना वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या वापरात होती. ती २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाली आणि कितीतरी छोट्या प्रकल्पांना पैसे भरा किंवा दुसरीकडे जा, एवढेच दोन मार्ग उरले.

सासच्या मार्गाने वाचनालय कोहा चालवून देणाऱ्या एखाद्या कंपनीला वर्षाची वर्गणी भरते. कंपनी एक पत्ता आणि पासवर्ड देते, ग्रंथपाल ब्राउझर उघडून कामाला लागतात. म्हणजे सॉफ्टवेअर तेच, पण वाचनालय स्वतः बसवते तेव्हा सेवा आयास असते आणि दुसरा चालवून देतो तेव्हा सास. कोणता प्रकार आहे हे प्रोग्रामकडे बघून ठरत नाही. बिघाड झाला तर रात्री कोणी उठायचे, यावरून ठरते. जीमेल किंवा चेन्नईच्या झोहो कंपनीचे हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरणारे दुकानदार नकळत सासच वापरत असतात.

हात धुऊन जेवायला बसले तरी ताट आपलेच असते. सासमध्येही तीन गोष्टी ग्राहकाकडे राहतात: पासवर्ड, कोणाला काय दिसावे हे ठरवणे आणि आत भरलेली माहिती. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचे खाते तसेच चालू राहिले, तर त्यात कंपनीचा दोष नाही. चुकून पुसलेल्या गोष्टीही कंपनी कायम जपत नाही. जीमेलच्या कचरापेटीतली पत्रे ३० दिवसांनी कायमची जातात.

सास सेवा सोडताना माहिती कोणत्या रूपात परत मिळेल हे करार करतानाच विचारावे. ग्रंथालयाच्या बाबतीत कंपनी ‘सगळा डेटा मार्क फाइलमध्ये देऊ’ असे म्हणते आणि ते ऐकायला पुरेसे वाटते. मार्क ही पुस्तकांच्या नोंदींची जागतिक पद्धत आहे. तिच्यात वीस हजार पुस्तके येतील, पण आठशे सभासद आणि कोणाकडे कोणते पुस्तक गेले आहे ही माहिती येणार नाही. त्यासाठी संपूर्ण डेटाबेसची प्रत मागावी लागते आणि ती मिळेल असे करारात लिहून घ्यावे लागते.

सीमारेषा

तीन खाने कागदावर जितके वेगळे दिसतात तितके व्यवहारात नसतात. एखादी कंपनी डेटाबेस सांभाळून देते, पण प्रोग्राम ग्राहकाने स्वतःच्या भाड्याच्या यंत्रावर ठेवलेला असतो. अशी मिश्र मांडणी नेहमीची आहे आणि एकाच वाचनालयात ईमेल सास, पुस्तकशोध पास आणि जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने आयासवर असू शकतात. शिवाय वरचे थर बहुधा खालच्या थरांवरच उभे असतात. हिरोकू स्वतः ॲमेझॉनची यंत्रे भाड्याने घेऊन चालते. त्यामुळे खालच्या थरात बिघाड झाला की ज्यांनी कधी ॲमेझॉनचे नावही ऐकले नाही, त्यांचेही पान उघडत नाही.